ऑडिट स्वच्छ, तरी किंमत खाली का?

हिस्सा विकायला निघालेल्या उद्योजकाच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "आमचं दरवर्षी ऑडिट होतं, सीएंचा एकही शेरा नाही. मग हे लोक पुन्हा येऊन काय तपासणार?" या प्रश्नात थोडी नाराजी असते, आपल्यावर विश्वास नाही का, असा सूर असतो. महिन्याभराने खरेदीदाराचा अहवाल येतो, ठरलेली किंमत दोन-चार कोटींनी खाली येते, आणि मग नाराजीची जागा संताप घेतो. एक तर ऑडिटर चुकला असला पाहिजे, नाही तर खरेदीदार लबाडी करतोय, असं मालकाला वाटू लागतं. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. ऑडिट बरोबर असतं आणि कपातही बहुतांशी बरोबर असते, कारण दोघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं शोधलेली असतात.

वैधानिक ऑडिट कंपनी कायद्याने बंधनकारक आहे. ऑडिटरचा अहवाल भागधारकांना उद्देशून असतो आणि त्यात तो मत देतो: 31 मार्चचा ताळेबंद आणि त्या वर्षाचं नफा-तोटा पत्रक कंपनीचं खरं आणि रास्त चित्र दाखवतात की नाही. त्यासाठी 2013च्या कायद्याच्या कलम 143ने त्याला हक्क दिले आहेत. तो हिशेबाची पुस्तकं केव्हाही मागू शकतो, अधिकाऱ्यांकडून खुलासे घेऊ शकतो. बँकेला पत्र लिहून शिल्लक पडताळतो, साठा मोजताना हजर राहतो. त्याच्या सहीमागे कायद्याची जबाबदारी असते.

फायनान्शियल ड्यू डिलिजन्सला असा कायद्याचा आधार नाही. खरेदीदार स्वतःच्या खर्चाने सल्लागार नेमतो आणि त्याला एकच विचारतो: मी जे पैसे मोजणार आहे, त्यांच्या बदल्यात मला दरवर्षी खरोखर किती नफा मिळेल, किती कर्ज गळ्यात पडेल आणि धंदा चालू ठेवायला किती रक्कम अडकवून ठेवावी लागेल? अहवाल खरेदीदाराला दिला जातो. त्यात ऑडिटसारखं मत नसतं. आकडे खरे असल्याची हमीही नसते. तुम्ही दिलेल्या माहितीवर आधारलेलं विश्लेषण आहे, असं त्यात पहिल्या पानांवरच लिहिलेलं असतं. म्हणून ड्यू डिलिजन्सला 'मोठं ऑडिट' समजणं चूक आहे. काही बाबतींत ते ऑडिटपेक्षा उथळच असतं: सल्लागार सहसा तुमचा साठा मोजत नाही, बँकेला पत्र लिहीत नाही. पण ऑडिटर ज्या प्रश्नाकडे वळतही नाही, तिथे तो खोल जातो.

हे आकड्यांतून पाहू. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना समजू. दोघे भाऊ मिळून चालवतात, खाजगी कंपनी आहे. कारखाना कल्पित आहे आणि आकडे समजायला सोपे जावेत असे घेतले आहेत, पण यातली प्रत्येक बाब मध्यम उद्योगांत नेहमी सापडणारी आहे. वर्षाची विक्री 60 कोटी. व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, ज्याला सगळे एबिटडा म्हणतात, तो 9 कोटी. बँकेचं कर्ज 10 कोटी, खात्यात रोख 2 कोटी. एका गुंतवणूक फंडाला 30 टक्के हिस्सा हवा आहे आणि भाव ठरला आहे एबिटडाच्या सात पट. म्हणजे धंद्याची किंमत 63 कोटी. त्यातून निव्वळ कर्ज 8 कोटी वजा केलं की भागधारकांच्या वाट्याला 55 कोटी येतात, आणि 30 टक्क्यांचे होतात साडेसोळा कोटी. भावांनी हा आकडा घरी सांगून टाकलेला आहे.

फंडाचे लोक सगळ्यात आधी वार्षिक ताळेबंद बाजूला ठेवतात आणि छत्तीस महिन्यांचे मासिक आकडे मागतात. वर्षाची बेरीज जे झाकते, ते महिन्यांच्या रांगेत दिसतं. मग ते 9 कोटींच्या नफ्याचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्याबद्दल विचारतात: हा पुढच्या वर्षीही येईल का?

पहिला तुकडा सापडतो 75 लाखांचा. राज्य शासनाच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतलं मागच्या वर्षांचं अनुदान या वर्षी एकदम जमा झालं होतं. ऑडिटरने ते तपासलं, पैसे खरोखर बँकेत आले होते, नोंद नियमाप्रमाणे होती. पण पात्रतेचा काळ संपला आहे, हे पैसे परत येणार नाहीत. सात पट भाव लावला तर या 75 लाखांसाठी खरेदीदाराने सव्वापाच कोटी मोजले असते.

दुसरा तुकडा भावांच्या पगाराचा. दोघे महिन्याला एकेक लाख घेतात. उद्या दोघेही बाजूला झाले, तर एक कारखाना सांभाळणारा आणि एक विक्री पाहणारा असे अनुभवी अधिकारी नेमावे लागतील आणि त्यांना मिळून वर्षाला 84 लाख द्यावे लागतील. आज दिले जातात 24 लाख. फरकाचे 60 लाख नफ्यातून गेले. इथे अनेक मालक दुखावतात, आणि ते मला समजतं. पंधरा-वीस वर्षं कमी पगार घेऊन त्यांनी कंपनी उभी केलेली असते. पण खरेदीदाराच्या दृष्टीने ती मालकाची मेहनत आहे, कंपनीची कमाई नव्हे. तिसरा तुकडा शेडचा: कारखान्याची एक शेड आईच्या नावावर आहे आणि तिचं भाडं दिलं जात नाही. बाजारभावाने महिना दोन लाख, म्हणजे वर्षाचे 24 लाख.

चौथा तुकडा छोटा आहे, पण ऑडिट आणि ड्यू डिलिजन्समधला फरक त्याच्याइतका दुसऱ्या कशातच दिसत नाही. मार्चमध्ये विक्री 6 कोटी 40 लाख झाली, एप्रिलमध्ये 3 कोटी 90 लाखांवर आली. महिन्याची सरासरी 5 कोटी आहे. एप्रिलच्या डेबिट नोटा काढून पाहिल्यावर दिसलं की मार्चअखेर पाठवलेल्या मालापैकी 25 लाखांचा माल ग्राहकाने नाकारून परत केला होता आणि त्यातला बहुतेक भंगारातच गेला. ऑडिटरच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. पण ऑडिटर प्रत्येक रुपयामागे धावत नाही. वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल एवढी चूक किती मोठी असावी, याची मर्यादा तो कामाच्या सुरुवातीलाच ठरवतो. करपूर्व नफ्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास ती धरण्याची पद्धत बरीच रूढ आहे. या कंपनीचा करपूर्व नफा 6 कोटी, म्हणजे मर्यादा 30 लाखांची. 25 लाखांची बाब त्याने टिपली, मालकांना सांगितली आणि त्यांनी दुरुस्ती केली नाही तरी अहवाल स्वच्छच राहिला. त्याच्या कामाच्या मापाने ते बरोबर होतं. खरेदीदार मात्र त्या 25 लाखांना सातने गुणतो आणि पावणेदोन कोटींवर येतो.

सगळे तुकडे उणेच नसतात. जुन्या कामगार वादात या वर्षी समझोता होऊन 54 लाख दिले गेले. वाद मिटला, खर्च पुन्हा येणार नाही, म्हणून तो नफ्यात परत मिळवला. घरच्या गाड्या आणि प्रवास कंपनीच्या खर्चात टाकलेले होते, तेही 30 लाख परत मिळवले. पण या दुसऱ्या रकमेला एक शेपूट आहे. घरगुती खर्च कंपनीच्या नावावर दाखवल्याचं इथे तुम्ही स्वतःच लिहून देता. आयकर खात्याने तो उद्या नामंजूर केला, तर कर आणि व्याज कोण भरणार, हे खरेदीदार करारात लिहून घेतो.

बेरीज करू. 9 कोटींतून 75, 60, 24 आणि 25 लाख गेले, 54 आणि 30 लाख परत आले. उरले बरोबर 8 कोटी. धंद्याची किंमत 63 कोटींवरून 56 कोटींवर आली. ताळेबंदातली एकही नोंद खोटी ठरलेली नाही.

वहीबाहेरच्या विक्रीचा प्रश्नही इथेच सांगतो, कारण तो कुजबुजीत विचारला जातोच. काही माल बिलाशिवाय जात असेल आणि 'खरा नफा याहून जास्त आहे' असं मालक सांगत असेल, तर त्या नफ्याची किंमत शून्य धरली जाते. सल्लागार पुस्तकांतली विक्री जीएसटी विवरणपत्रांशी, ई-इन्व्हॉइसशी आणि बँकेतल्या जमेशी जुळवतो. जे यांपैकी कुठेच दिसत नाही, त्याला सातने गुणायला कोणी तयार होत नाही. उलट करचुकवेगिरीची जबाबदारी आता आपल्याही डोक्यावर येईल, हे खरेदीदाराला कळतं, आणि बरेच सौदे त्याच दिवशी थांबतात.

आता कर्ज. भावांच्या हिशेबात कर्ज म्हणजे बँकेचं कर्ज. खरेदीदार कर्जाची व्याख्या रुंद करतो: जुन्या काळासाठी पुढे भरावे लागणारे, आणि भरून नव्या मालकाला काही न मिळणारे सगळे पैसे. ताळेबंदात ग्रॅच्युइटीची तरतूद 1 कोटी 10 लाखांची आहे, पण ती भागवण्यासाठी बाजूला ठेवलेला निधी नाही. नव्या मशीनचे 90 लाख पुरवठादाराला द्यायचे आहेत. एका ग्राहकाने डाय बनवण्यासाठी 70 लाखांची आगाऊ रक्कम दिली आहे, ती खर्च करून डाय द्यायची आहे. आयकराचे 30 लाख बाकी आहेत. एकूण 3 कोटी. हे सगळं ऑडिट केलेल्या ताळेबंदात आहे, वेगवेगळ्या शीर्षकांखाली, नियमांनी सांगितलेल्या जागी. फक्त 'कर्ज' या शीर्षकाखाली नाही. निव्वळ कर्ज 8 कोटींचं 11 कोटी झालं आणि भागधारकांच्या वाट्याला 45 कोटी उरले.

खेळत्या भांडवलाचा मुद्दा मालकांना सगळ्यात अनपेक्षित असतो, म्हणून तो सावकाश पाहू. साठा आणि ग्राहकांकडची येणी मिळवायची, त्यातून पुरवठादारांची देणी वजा करायची. उरते ती धंद्यात कायम अडकलेली रक्कम. या कारखान्यात 31 मार्चला ती 7 कोटी होती. बारा महिन्यांच्या शेवटच्या दिवसांची सरासरी काढली तर निघते 9 कोटी. फरक का? कारण मार्चमध्ये भावांनी ग्राहकांना थोडी सूट देऊन वसुली उरकली आणि पोलादाच्या पुरवठादारांचे धनादेश एप्रिलपर्यंत थांबवले. बँकेला ताळेबंद चांगला दिसावा म्हणून हे दरवर्षी होतं. खात्यात 31 मार्चला दिसणारे 2 कोटी रोख आले कुठून, याचं उत्तरही हेच आहे. ते पैसे पुरवठादारांचे आहेत.

ऑडिटर 31 मार्चला रोख 2 कोटी होती का, हे तपासतो. होती. बँकेचं पत्र आहे. तारखेच्या मर्यादेत ते संपूर्ण सत्य आहे. पण खरेदीदाराने ती रोख कर्जातून वजा करून जास्त किंमत दिली, तर एप्रिलमध्ये पुरवठादारांना देण्यासाठी तेच 2 कोटी पुन्हा उभे करावे लागतील. म्हणून नेहमी लागणारं भांडवल 9 कोटी धरून तो 2 कोटींची तूट किंमतीतून कापतो. पूर्ण कंपनी विकताना असा हिशेब सौदा पूर्ण होण्याच्या दिवशी पुन्हा केला जातो. अल्प हिस्सा विकताना तेवढा बारकावा नेहमीच करारात येत नाही, पण वाटाघाटीत हा आकडा समोर येतोच. 45 चे झाले 43 कोटी. 30 टक्क्यांचे 12 कोटी 90 लाख. घरी सांगितलेल्या आकड्यापेक्षा 3 कोटी 60 लाख कमी.

हा अहवाल म्हणजे अंतिम निकाल नव्हे, खरेदीदाराच्या बाजूची मांडणी आहे. मालकाने ती ओळीओळीने वाचून उत्तर द्यायला हवं, आणि इथे भावांकडेही भक्कम मुद्दे होते. ग्रॅच्युइटी कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष दिली जाईल तेव्हा करात वजावट मिळेल. कंपनी सवलतीच्या दराने, अधिभार आणि उपकर धरून 25.17 टक्के कर भरते, म्हणजे 1 कोटी 10 लाखांचा खरा भार 82 लाखांच्या आसपासच आहे. डायच्या 70 लाखांपैकी 50 लाख डाय बनवण्यात आधीच खर्च झाले आहेत; फक्त 20 लाखांचं काम बाकी आहे. भांडवलाच्या सरासरीत तीन महिने असे होते की एका ग्राहकाच्या आग्रहाने जादा पोलाद भरून ठेवलं होतं; ते काढलं तर सरासरी साडेआठ कोटींवर येते. हे तिन्ही मुद्दे कागदांसह मांडले, तर कर्जसदृश देणी 3 कोटींची 2 कोटी 22 लाख होतात, भांडवलाची तूट 2 कोटींची दीड कोटी होते, आणि भागधारकांचं मूल्य 44 कोटी 28 लाखांवर पोचतं. 30 टक्क्यांचे सुमारे 13 कोटी 28 लाख. अडतीस लाखांचा हा फरक केवळ उत्तर देण्यातून येतो.

बाकीची घसरण मात्र आधीच्या वर्षात रोखायची असते, आणि माझ्या मते तिथेच मालकाने सगळ्यात जास्त वेळ घालावा. विक्रीच्या निदान एक पूर्ण आर्थिक वर्ष आधी दर महिन्याचे हिशेब बंद करायला लागा, साठ्यासह. बऱ्याच मध्यम कारखान्यांत साठा वर्षातून एकदाच मोजला जातो. मग मासिक नफा हा अंदाजच असतो, आणि सल्लागार अशा अंदाजाचा अर्थ खरेदीदाराच्या बाजूने लावतो. स्वतःचे पगार बाजारभावाला आणा, शेडचा रीतसर भाडेकरार करा, घरचे खर्च कंपनीतून काढा. यांनी नफा कमी दिसेल. पण भाव ठरण्याआधी कमी दिसलेला नफा हा तुमचा प्रामाणिक आकडा असतो. भाव ठरल्यावर कमी झालेला नफा तुमच्या शब्दाबद्दल शंका निर्माण करतो, आणि मग खरेदीदार उरलेल्या आकड्यांकडेही वाकड्या नजरेने पाहतो. मोठ्या सौद्यांत विकणारा स्वतःच आधी ड्यू डिलिजन्स करून घेतो. त्यासाठी तुमच्या ऑडिटरपेक्षा दुसरी फर्म नेमणं चांगलं. हिशेब लिहिणं, अंतर्गत ऑडिट, गुंतवणूक सल्ला अशा अनेक सेवा वैधानिक ऑडिटरने त्याच कंपनीला देण्यास कायद्याची मनाई आहे, आणि आपणच तपासलेल्या आकड्यांवर तोच पुन्हा अहवाल देणार, हे खरेदीदारालाही पटत नाही.

एक गोष्ट ऑडिटमध्ये कधीच घडत नाही आणि इथे घडते. ऑडिटमध्ये मत ऑडिटर देतो. हिस्सा विकताना करारातली हमी तुम्ही स्वतः देता: हिशेब खरे आहेत, सांगितल्याशिवाय दुसरं देणं नाही, कोणती चौकशी चालू नाही. हमी खोटी ठरली तर भरपाई विकणाऱ्याकडून वसूल होते. 2008 साली जपानच्या दाइची सांक्योने रॅनबॅक्सी घेतली, तेव्हा अमेरिकी औषध प्रशासनाच्या चौकशीची गंभीर माहिती दडवली गेली, असा निष्कर्ष सिंगापूरच्या लवादाने 2016 मध्ये काढला आणि हिस्सा विकणाऱ्या प्रवर्तकांवर सुमारे अडीच हजार कोटी रुपयांची भरपाई लादली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये प्रौढ विक्रेत्यांविरुद्ध तो निवाडा अंमलात आणण्यास परवानगी दिली.

यातून वाचवणारा कागद म्हणजे करारासोबतचं डिस्क्लोजर लेटर. त्यात हमीला अपवाद असलेल्या सगळ्या गोष्टी लिहिलेल्या असतात: मार्चचा परत आलेला माल, घरच्या गाड्या, आईच्या नावावरची शेड, बाकी असलेला आयकर. वकील तो मसुदा करतात, पण मजकूर कारखान्यातूनच यावा लागतो. ड्यू डिलिजन्सच्या काळात सल्लागारांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि तुम्ही दिलेलं उत्तर तारखेसह एका यादीत ठेवलं असेल, तर हे पत्र लिहायला एक आठवडा पुरतो. फोनवर दिलेली उत्तरं त्याच संध्याकाळी ईमेलने पाठवून ठेवा. तीन वर्षांनी नोटीस आली, तर तुमच्या बाजूने पुढे ठेवायला तीच यादी असेल.